शुभेच्छेच्या पत्रातला माल : चंद्रपूर-गडचिरोलीच्या ठोक कापड व्यापाऱ्याचा दिवाळी संदेश

ठोक कापड व्यापारी दिवाळीला आपल्या बांधलेल्या चिल्लर दुकानदारांना जो संदेश पाठवतो, त्यात दोन गोष्टी असतात. एक शुभेच्छा आणि दुसरी पुढच्या हंगामाच्या मालाची सूचना. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, किंवा आता एकाच पडद्यावर, कशा नांदतात हा या विवेचनाचा विषय आहे. उदाहरणासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे घेतले आहेत. इथे दिवाळी, पीक आणि लग्नसराई यांचे वेळापत्रक गावागणिक बदलते, आणि त्यामुळे असा संदेश कुठे लागू पडतो आणि कुठे वाया जातो हे स्पष्ट दिसते.

मुख्य प्रतिपादन आधीच मांडतो. दुकानदाराला उपयोगी पडेल अशी खरी माहिती म्हणून मालाची सूचना दिली, तरच ती शुभेच्छेत खपते. ही माहिती कापडाबद्दल कमी आणि काळाबद्दल जास्त असते. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा केव्हा येणार, लग्ने केव्हा लागणार, सुरतेहून माल केव्हा निघणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्या व्यापाऱ्याला जाहिरात करावी लागत नाही. ज्याच्याजवळ ती नाहीत, तो 'भव्य स्टॉक' आणि 'आकर्षक व्हरायटी' लिहितो.

पैसा केव्हा येतो

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. कापडाच्या व्यापाराला मात्र ही हद्द कळत नाही, त्याची विभागणी पिकाप्रमाणे होते. पश्चिमेकडे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा कापूस-सोयाबीनचा आणि कोळसा खाणींचा पट्टा आहे. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, देसाईगंज, गडचिरोली, चामोर्शी हा धानाचा पट्टा, म्हणजेच झाडीपट्टी. दक्षिणेला एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा हा जंगलाचा मुलूख.

या तिन्ही ठिकाणी दिवाळी एकाच दिवशी येते, पैसा मात्र वेगवेगळ्या महिन्यांत येतो. घुग्घुस-बल्लारपूरकडच्या कोळसा कामगाराला बोनस दसऱ्याच्या तोंडावर मिळतो. २०२५ साली कोल इंडियाच्या कामगारांना ही रक्कम १ लाख ३ हजार रुपये ठरली होती. तिथल्या दुकानदाराचा गल्ला त्यामुळे दिवाळीच्या आधीच भरतो, आणि पाडव्याच्या सकाळी तो मागच्या महिन्याचा हिशेब जुळवत असतो. झाडीपट्टीत त्याच वेळी फक्त हलके धान कापून झालेले असते. भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापले जाते, मग मळणी, मग आधारभूत खरेदी केंद्रावर मोजमाप, आणि त्यानंतर खात्यात रक्कम. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २३६९ रुपये होता, पण भाव जाहीर होणे आणि पैसा घरी येणे यात अनेक आठवडे जातात. दिवाळीला इथला शेतकरी उधारीवर कपडे घेतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत फेडतो. जंगलाच्या मुलखात पैशाचा मोठा हंगाम त्याहून पुढे, तेंदूपत्त्याच्या वेळी येतो. तोडणी एप्रिल-मेमध्ये चालते आणि मजुरी व बोनस त्यानंतर हळूहळू पोहोचतात.

अशा वेळी चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ बसलेल्या ठोक व्यापाऱ्याने सगळ्यांना एकच संदेश पाठवला आणि त्यात 'लग्नसराईचा माल आजपासून उपलब्ध' असे लिहिले, तर काय होईल? घुग्घुसचा दुकानदार येऊन बघेल. सिंदेवाहीचा मनात नोंद करून ठेवेल. भामरागडच्या दुकानदाराला वाटेल की या माणसाला आपल्या गावचे काही ठाऊक नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने ज्याच्या गावाचा रस्ता वारंवार तुटतो आणि जो आता कुठे मोकळा श्वास घेतो आहे, त्याला या दिवसांत ब्लँकेट, शाली आणि आश्रमशाळेच्या मुलांसाठी स्वेटर हवे असतात. लग्नाचा माल त्याला मार्चनंतर लागतो.

मंडईचे पंधरवडे

झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, खरे तर तिथून रंगात येते. बलिप्रतिपदेला गायगोधन होते. त्यानंतर गावोगाव मंडई भरते, आज या गावी, उद्या त्या गावी, आणि हा क्रम पुढे कित्येक आठवडे चालतो. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक असते. या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्यांचे प्रयोग चालतात.

मंडईची कापडाची मागणी वेगळी असते. लेकीला साडी, जावयाला शर्टपीस-पँटपीस किंवा टॉवेल-दुपट्टा. नाटकाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाली. लहान मुलांचे तयार कपडे. गावच्या दुकानदाराने दिवाळीसाठी भरलेल्या मालातला मोठा हिस्सा भाऊबीजेपर्यंत संपलेला असतो, आणि नेमका मंडईच्या वेळी टॉवेल, दुपट्टे आणि मध्यम किमतीच्या साड्या यांचा त्याच्याकडे तुटवडा पडतो. नवा माल आणायला तो चंद्रपूरला किंवा नागपूरच्या गांधीबागेत जायला निघतो, तेव्हा ठोक दुकाने बंद असतात. बरेचसे गुजराती-मारवाडी व्यापारी लक्ष्मीपूजनानंतर लाभपंचमीलाच दुकान उघडतात. सुरतेचा बाजार तर त्याहूनही उशिरा पूर्ववत होतो, कारण कारागीर गावी गेलेले असतात.

म्हणूनच शुभेच्छेच्या संदेशात 'आमचे दुकान अमुक वारी, अमुक तारखेला उघडेल' ही एक साधी ओळ सर्वांत मोलाची ठरते. ती जाहिरातीसारखी वाटत नाही. पण मंडईच्या गावातल्या दुकानदारासाठी तिचा अर्थ असा, की त्या तारखेपर्यंत थांबलो तर गांधीबागेची खेप वाचेल. चंद्रपूर ते नागपूर अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि मूल-सिंदेवाहीकडून निघणाऱ्यालाही नागपूरची खेप लांबच पडते. दोन्ही बाजूंचे भाडे आणि एक दिवसाची दुकानबंदी वाचवणारी ओळ कुणालाही आवडते.

नमुना

आता प्रत्यक्ष संदेश घेऊ. हा नमुना विवेचनासाठी रचला आहे. चंद्रपूरचा एक ठोक व्यापारी २०२५ च्या पाडव्याला, म्हणजे २२ ऑक्टोबरला, झाडीपट्टीतल्या दुकानदाराला तो पाठवतो असे धरू.

"नमस्कार भाऊ. दिवाळी आणि पाडव्याच्या तुम्हाला, घरच्या सगळ्यांना आणि दुकानातल्या मुलांना मनापासून शुभेच्छा. यंदा पावसाने फार त्रास दिला, तरी तुम्ही माल वेळेवर उचलला आणि आमच्यावरचा विश्वास कायम ठेवला, त्याबद्दल आभार.

आपले दुकान रविवारी, २६ ऑक्टोबरला, लाभपंचमीच्या मुहूर्तावर उघडेल. मंडईसाठी टॉवेल, दुपट्टे, शाली आणि मध्यम साड्या त्या दिवशी गोदामात तयार आहेत.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून मुहूर्त नाहीत, त्यामुळे लग्नाची खरेदी लवकर निघेल असे वाटते. देण्याघेण्याच्या साड्यांचा नवा माल आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावतो आहोत. इकडे आलात की बघून जा.

वहिनींना नमस्कार सांगा. फराळाला नक्की या."

संदेशाचे चार परिच्छेद आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला परिच्छेद स्वतःपुरता पूर्ण आहे. पुढचे सगळे पुसून टाकले तरी तो शुभेच्छेचा संदेश म्हणून उभा राहतो. ही पहिली कसोटी. बरेच व्यापारी शुभेच्छेच्याच वाक्यात माल गुंफतात, 'आमच्या नव्या कलेक्शनसह आपली दिवाळी प्रकाशमान होवो' अशा धर्तीवर. त्यात शुभेच्छाही पातळ होते आणि मालाची माहितीही मिळत नाही.

पहिल्याच परिच्छेदात 'दुकानातल्या मुलांना' हे शब्द आहेत. चिल्लर दुकानात माल दाखवणारा, ठाण उलगडणारा, गिऱ्हाइकाला 'हा घ्या, धुतल्यावर रंग जात नाही' असे सांगणारा मुलगा बहुतेक वेळा मालक नसतो. कोणत्या ठोक व्यापाऱ्याचा माल पुढे काढायचा हे पुष्कळदा तोच ठरवतो. त्याला शुभेच्छा देणे हा शिष्टाचार आहेच, पण व्यापारी दृष्टीनेही ते शहाणपणाचे आहे. आणि तो शब्द मनापासून लिहिलेला असेल तर मालक संदेश त्याला वाचून दाखवतो.

दुसऱ्या परिच्छेदातला माल आणि तिसऱ्या परिच्छेदातला माल यांत जाणूनबुजून फरक केला आहे. पहिला गोदामात आहे, दुसरा यायचा आहे. पंचमीला जे दाखवता येणार नाही ते पंचमीच्या ओळीत घालायचे नाही. कारण स्पष्ट आहे. सुरतेचे बाजार दिवाळीनंतर पूर्ववत व्हायला वेळ घेतात, मग नव्या डिझाइनचे गठ्ठे बांधले जातात, ट्रान्सपोर्टला जातात, नागपूरमार्गे चंद्रपूरला येतात. लाभपंचमीला 'लग्नाचा नवा माल' असे जाहीर करणारा व्यापारी बहुधा मागच्या वर्षीचा उरलेला मालच दाखवतो, आणि वर्षानुवर्षे कापड हाताळणाऱ्या दुकानदाराला घडीवरची धूळ आणि काठाचा जुना नमुना पाहून ते लगेच कळते. 'डिसेंबरचा पहिला आठवडा' ही तारीख मालाच्या वाटेकडे पाहून ठरवलेली आहे. माल आधी आला तर दुकानदाराला फोन करता येतो, पण उशीर झाला तर पुढच्या वर्षीचा संदेश कुणी वाचत नाही.

अधिक महिन्याची ओळ

तिसऱ्या परिच्छेदातली पहिली दोन वाक्ये हे या संदेशाचे मर्म आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो. त्या महिन्यात मुहूर्त नसल्याने एरवी मे अखेरपर्यंत पसरणारी लग्नसराई मेच्या मध्यातच थांबते. त्यातच डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त असल्याने तो काळही पंचांग पाहणाऱ्यांसाठी लग्नाला अडचणीचा ठरतो. तुळशीची लग्ने २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणजे त्यानंतरचा महिना-सव्वा महिना आणि मग फेब्रुवारी ते मेचा मध्य, पावसाळ्यापूर्वी एवढाच काळ मोकळा राहतो.

हे दुकानदाराला स्वतःलाही कळू शकते. दुकानाच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, पान उलटले की झाले. हेच या ओळीचे बळ आहे. व्यापारी असे काही सांगतो जे ऐकणारा लगेच पडताळून पाहू शकतो, आणि पडताळल्यावर ते खरे निघते. माल चांगला आहे हे विधान पडताळायला दुकानदाराला चंद्रपूरला यावे लागते, ज्येष्ठ अधिक आहे हे पडताळायला खुर्चीवरून उठावे लागते, एवढेच. पहिल्या विधानावर विश्वास बसायला दुसरे विधान उपयोगी पडते.

पण ही ओळ सर्वांना लागू नाही, आणि इथेच संदेशाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या कराव्या लागतात. गोंड आणि माडिया समाजातली लग्ने या पंचांगाच्या मुहूर्तांवर अवलंबून नसतात. बौद्ध समाजातलीही नसतात. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि तेव्हापासून या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर सोहळा भरतो आणि पांढऱ्या साड्या, पांढरे कुर्ते, पांढरे शर्ट यांची मागणी दिवाळीच्या अगोदरच येऊन जाते. ज्या दुकानदाराचा धंदा मुख्यतः या वस्त्यांतून चालतो, त्याला अधिक महिन्याची ओळ कामाची नाही. त्याला पांढऱ्या मालाचा उरलेला साठा बदलून मिळेल का, हे हवे असते. भामरागड-एटापल्लीच्या दुकानदाराला तिथे वेगळीच ओळ द्यावी लागते, ती हिवाळ्याच्या मालाची. चामोर्शीकडच्याला मार्कंड्याच्या यात्रेची, जी २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला महाशिवरात्रीच्या निमित्ताने भरते. चंद्रपूर शहरातल्या दुकानदाराला चैत्रातल्या महाकाली यात्रेची, कारण मराठवाडा आणि तेलंगणातून येणारा भाविक देवीला खण-साडी आणि घरी एखादे कापड घेतल्याशिवाय परतत नाही.

याचा अर्थ पन्नास गावांसाठी पन्नास संदेश, असा नाही. तीन पुरेत. पश्चिमेच्या पट्ट्यासाठी एक, झाडीपट्टीसाठी एक, दक्षिणेसाठी एक. पहिला आणि शेवटचा परिच्छेद तिन्हींत सारखाच ठेवायचा, मधली दोन-तीन वाक्ये फक्त बदलायची. सिरोंचाच्या दुकानदारांबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांचा बराचसा व्यवहार गोदावरी-प्राणहितेपलीकडे तेलंगणाशी चालतो, घरी-बाजारात तेलुगूही बोलली जाते. त्यांना चंद्रपूरहून माल न्यायचा तर कारण हवे. ते कारण रंगीत चित्रांनी मिळत नाही. गाडीचे भाडे कोण सोसणार आणि बदलीचा माल परत घेणार का, यानेच ते मिळते, आणि ते फोनवर बोलायचे असते.

उधारीचा हिशेब

इथे एक गाठ आहे, आणि ती उकलल्याशिवाय वरच्या संदेशाचा खरा अर्थ लागत नाही. समजा झाडीपट्टीतल्या एका दुकानदाराने संदेश वाचून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देण्याघेण्याच्या साड्यांचे दोन गठ्ठे उचलले. उधारी नेहमीप्रमाणे नव्वद दिवसांची. म्हणजे बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेडायचे. विक्री केव्हा होईल? शुक्राच्या अस्तामुळे जानेवारीत लग्ने जवळजवळ नाहीत. धानाचे पैसे जानेवारी-फेब्रुवारीत येतात, लग्नाची खरेदी फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये जोर धरते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा अर्धा मालही निघालेला नसतो. मग तो बिल थकवतो किंवा दुसऱ्या ठोक व्यापाऱ्याकडून नवीन उधारी घेऊन जुनी फेडतो.

ज्याने 'माल लवकर लावतो आहोत' असे लिहिले, त्याने नव्वद दिवसांचे दीडशे दिवस करण्याची तयारी मनात ठेवलीच पाहिजे, किंवा दोन गठ्ठ्यांपैकी एक डिसेंबरात आणि एक फेब्रुवारीत द्यायला हवा. ही तयारी नसेल तर त्या ओळीतून फायदा फक्त ठोक व्यापाऱ्यालाच होतो, माल त्याच्या गोदामातून दुकानदाराच्या गोदामात जातो, इतकेच. एका हंगामात तो फायदा दिसतो, पुढच्या हंगामात त्याचा तोटा वसुलीत दिसतो. उधारीची ही सवलत संदेशात लिहायची मात्र नसते. ती एकाला दीडशे, दुसऱ्याला साठ आणि तिसऱ्याला फक्त नगदी अशी असते, आणि दोन दुकानदार एकाच आठवडी बाजारात शेजारी शेजारी पाल टाकून बसतात.

याच कारणाने भाव संदेशात नसतो. भाव लिहिलेला संदेश पुढे जातो, आणि दुकानदाराकडून नातेवाईकाकडे, नातेवाईकाकडून गिऱ्हाइकाकडे पोहोचतो. ज्या साडीवर त्याने आपला मार्जिन धरलेला असतो, त्याच साडीचा ठोक भाव गिऱ्हाइक त्याला पडद्यावर दाखवते. मंडईच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. त्यानंतर तो दुकानदार त्या व्यापाऱ्याकडे परत गेला तर नवल.

आणि बाकीचा आकडा? दिवाळीच्या संदेशाखाली 'आपल्याकडे अमुक इतकी रक्कम येणे आहे' अशी ओळ घालण्याची पद्धत काही जागी अजून आहे. तिचे समर्थन असे केले जाते की जुन्या वह्यांचे पूजन होते तेव्हा हिशेब मिटलेला बरा. पण हिशेबाचे वर्ष आता ३१ मार्चला संपते, आणि पाडव्याला धानपट्ट्याच्या दुकानदाराच्या हातात वसुलीचा पैसा नसतोच. त्या ओळीने काही येत नाही, फक्त वरची शुभेच्छा खोटी ठरते. बाकीचा तक्ता पंचमीनंतर आठवड्याने, स्वतंत्रपणे, शक्यतो फोन करून पाठवावा. तसाच वेगळा निरोप करवाढीचा-करकपातीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी झाला. आधी ही मर्यादा हजार रुपयांची होती, त्यापुढच्या कपड्यांवर १२ टक्के लागत. गावातल्या दुकानदारासाठी ही फारच कामाची बातमी होती, विशेषतः जुन्या दराने घेतलेला माल कसा दाखवायचा याबाबत. पण ती दिवाळीच्या नमस्कारात घालणे म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला दारातच वही दाखवणे.

पोहोचते कसे, कळते कसे

पूर्वी हा संदेश छापील कार्डाने किंवा दिनदर्शिकेवरच्या नावाने जात असे. आता तो व्हॉट्सॲपवर जातो. त्यात एक तांत्रिक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नावे घालता येतात, पण संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे. क्रमांक बदलला आणि तो दुकानदारांना कळवला नाही, तर निम्मी यादी रिकामी जाते आणि व्यापारी समजतो की सगळ्यांना शुभेच्छा गेल्या. ग्रुप करून पाठवणे याहून वाईट, कारण एकाने 'बाकी माल केव्हा?' असे विचारले की सगळ्यांना दिसते.

वेळेचाही विचार हवा. धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन या दिवसांत दुकानदाराचा फोन दिव्यांच्या आणि लक्ष्मीच्या चित्रांनी भरून जातो आणि गल्ल्यावर गर्दी असते. एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात कात्री, समोर ठाणाची घडी मोडलेली. त्या क्षणी आलेला संदेश वाचला जात नाही, वर सरकतो. पाडव्याची सकाळ निराळी. झाडीपट्टीत गावे गायगोधनाच्या तयारीत असतात, दुकान पूजेपुरतेच उघडते, आणि मालकाला चहाबरोबर फोन बघायला फुरसत असते. चित्र जोडण्याची गरज नाही. जंगलातल्या गावांत सिग्नल कमी असला की चित्र उघडत नाही, साधी अक्षरे मात्र पोहोचतात. साड्यांचे फोटो डिसेंबरात, मागितल्यावर, एकेकाला पाठवावेत. आधीच पाठवले तर तेच फोटो दुसऱ्या ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन 'हा नमुना किती?' असे विचारले जाते.

संदेश लागू पडला की नाही हे ओळखण्यासाठी उत्तरांची संख्या मोजून उपयोग नाही. 'आपणासही हार्दिक शुभेच्छा' हे उत्तर सगळेच देतात. खरी खूण म्हणजे पंचमीच्या आसपास येणारा दुसरा फोन, त्यात दुकानदार शुभेच्छांचा उल्लेखही करत नाही. 'शाली कोणत्या रंगात आहेत?' किंवा 'डिसेंबरात कोणत्या वारी यावे?' असे विचारतो. पहिला प्रश्न मंडईचा, दुसरा लग्नाचा. ज्या गावांतून पहिलाच प्रश्न येतो आणि दुसरा येत नाही, तिथे अधिक महिन्याची ओळ चुकीच्या माणसाला गेली, असे समजावे. ज्या गावांतून काहीच येत नाही, तिथे आधी क्रमांक नोंदवलेला आहे का ते तपासावे, मग राग धरावा.

अशा संदेशाची एक मर्यादा शेवटी नोंदवायला हवी. जो दुकानदार मागच्या हंगामात नाराज होऊन गेला, ज्याचा खराब निघालेला गठ्ठा परत घेतला गेला नाही किंवा ज्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त भाव लागला, त्याच्यावर दिवाळीचा संदेश काहीही काम करत नाही. त्याला पाडव्याला नव्हे, दिवाळीच्या आधी भेटायला जावे लागते.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि पाडवा १० नोव्हेंबरला आहे, म्हणजे मागच्या वर्षापेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा. हलके धान तोवर कापून झालेले असेल, पंचमी आणि डिसेंबरचा पहिला आठवडा यांत जेमतेम तीन आठवडे राहतील, आणि २०२७ मध्ये अधिक महिना नाही. मागच्या वर्षीचा संदेश तारीख बदलून पुढे ढकलणाऱ्या व्यापाऱ्याने निदान ते एक वाक्य तरी आधी काढून टाकावे.